घरगुती बेकरी आणि मळ्यातल्या दोन खोल्या: 'घर' आणि 'ऊब' या अर्थाचं एकच नाव सुचवा

गिरणारेकरीण
नमस्कार मंडळी. नाशिकहून गिरणाऱ्याला येताना रस्त्यालगत आमचा द्राक्षाचा मळा आहे. घराला लागून दोन खोल्या बांधल्यात, त्या पाहुण्यांना मुक्कामाला द्यायच्या आहेत. शिवाय मी नागलीची बिस्किटं, नानकटाई, बेदाणे घातलेले बन आणि साधा ब्रेड करते. आजवर ओळखीतच जायचं सगळं, आता पाटी लावून आणि पुड्यावर नाव छापून विकायचं ठरलंय. दोन्हीला एकच नाव हवं. राहून गेलेला माणूस पुडा घेऊन जाईल आणि पुडा नेलेला कधी तरी राहायला येईल, असा विचार आहे.

वहीत लिहून ठेवलेले शब्द: ऊब, माया, जिव्हाळा, घरटं, विसावा, आसरा, निवारा. मला 'ऊब' सगळ्यात आवडलंय. सासूबाईंनी 'आसरा' ऐकताक्षणी नको म्हणून सांगितलं, कारण मात्र सांगत नाहीत. पाहुणे मुंबई-गुजरातकडचे जास्त असतील, पण बिस्किटं घेणारे इथलेच. तेव्हा दोघांच्याही तोंडात बसेल असं काही सुचवा.

आनंद_सिडको
अभिनंदन ताई! नवीन घराला 'श्रमसाफल्य' किंवा 'मातृछाया' छान दिसेल. संगमरवरी पाटी करा, वर्षानुवर्षं टिकते.

गिरणारेकरीण
दादा, घराला नाव आहे हो. व्यवसायाला हवंय. :)

निफाडचा_गारठा
'ऊब'ला माझं मत. डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की आमच्याकडे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, मण्यांना थंडी लागू नये म्हणून. त्या दिवसांत कुणी 'ऊब' नावाच्या घरी राहायला बोलावलं तर मी रस्ता वाकडा करून येईन.

सटाण्याची_सून
तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे. आमच्याकडे विहिरीच्या काठाला, नदीच्या डोहाशी शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या साती आसरा. पाण्यातल्या देवता. त्यांना नारळ, हळद-कुंकू, खण वाहतात आणि लहान पोरांना तिन्हीसांजेला तिकडे जाऊ देत नाहीत. पोर पाण्याजवळून आलं आणि फणफणलं की म्हातारी माणसं 'आसरा लागल्या' म्हणतात. तुमच्याकडे विहीर किंवा शेततळं असेलच. तिथे 'आसरा' अशी पाटी लावली तर शहरातल्याला आधार वाटेल, पण गावातली बाई रात्री त्या बाजूने जाताना पदर सावरून जाईल. मोठ्या बायका हे मोठ्याने बोलत नाहीत, म्हणून त्यांनी कारण सांगितलं नसेल.

गिरणारेकरीण
अगदी हेच! आत्ता विचारलं तर मान हलवली आणि विषय बदलला. आमची विहीर खोलीपासून हाकेच्या अंतरावर आहे. 'आसरा' खोडलं.

त्र्यंबकरोड_मुक्काम
'निवारा' पण खोडा. माझा अनुभव सांगतो. त्र्यंबक रस्त्याला मी तीन खोल्या चालवतो आणि सुरुवातीला नाव 'निवारा' ठेवलं होतं. फोन यायचे, 'वडिलांना ठेवायचंय, महिन्याचे किती घेता? औषधपाणी तुम्ही बघता का?' पहिल्या फोनला मी समजावून सांगितलं. नंतर लक्षात आलं की नकाशात आमचं नाव वृद्धाश्रमांच्या शेजारी दिसतंय आणि लोकांची काही चूक नाही. निवारा, आधार, सावली, मायेची ऊब ही सगळी नावं सेवाभावी संस्थांनी इतकी वापरलीत की कानाला तोच अर्थ आधी लागतो. एका मुलीचा फोन आला होता, आईला कुठे ठेवावं या काळजीत होती. तिला 'हे हॉटेल आहे' सांगताना मला फार वाईट वाटलं. त्यानंतर पाटी उतरवली.

'विसावा'चंही तसंच. महामार्गावर ते नाव चालून जातं. पण अंत्ययात्रेत वाटेत तिरडी खाली ठेवतात, त्या जागेलाही विसावाच म्हणतात. आमच्याकडे येणारी निम्मी माणसं त्र्यंबकला नारायण-नागबळी किंवा कालसर्प करायला आलेली असतात. घरातलं कुणी गेल्याचं मनात असतं. त्यांच्यासमोर ते नाव नको वाटलं.

गोदाकाठी
मग आता नाव काय ठेवलंय?

त्र्यंबकरोड_मुक्काम
इथे लिहिलं तर जाहिरात होईल. गावातल्या एका झाडाचं नाव आहे एवढंच सांगतो.

जुन्या_वाड्यातला
आता 'ऊब'कडे येऊ या. शब्द सुंदर आहे, पण त्याची भावंडं बघा. धान्याला हवा लागली नाही की ते उबतं. ओली कणीक, पीठ, शिळा ब्रेड यांना उबट वास येतो. कंटाळा आला की आपण उबगतो. खोलीच्या बाबतीत 'ऊब' गोधडी आठवून देते, ते ठीक. पण ब्रेडच्या पुड्यावर 'ऊब' लिहिलं आणि दोन दिवसांनी कुणी पुडा उघडून नाक लावलं, तर पुढचा शब्द त्याच्या तोंडात तयार आहे.

दुसरं असं, की आपल्याकडे मायेचे शब्द बहुतेक गारव्याचे आणि पाण्याचे आहेत. मनात ओलावा असतो, आईची सावली असते, कुणाला बघून डोळे निवतात, जीव थंड होतो. तापतो तो राग. एप्रिल-मेमध्ये नाशिकचं ऊन डोक्यावर घेऊन आलेला माणूस 'ऊब' वाचून आधी पंखा कुठे आहे ते बघेल. तुमचा धंदा बारा महिन्यांचा आहे की हिवाळ्याचा, त्यावर हा शब्द ठरवा.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मराठीत नाव नुसतं उभं राहत नाही, त्याला लगेच प्रत्यय लागतो. 'कुठून आणलास ब्रेड?' याचं उत्तर मोठ्याने म्हणून बघा. 'उबेतून आणला.' 'उबेचा ब्रेड.' घशात अडकतं, मग लोक 'ऊबमधून' म्हणतात आणि शब्द परका होतो. आता 'माजघरातून आणला' म्हणून बघा. 'ओसरीवर उतरलोय' म्हणून बघा. वाक्य आपोआप पुरं होतं. वहीतल्या प्रत्येक शब्दाला चा, त, तून, वर लावून घरातल्या सगळ्यांकडून म्हणवून घ्या, अर्धी वही तिथेच गळेल.

निफाडचा_गारठा
उबट वासाचं पटलं. पण गारव्याचं पूर्ण नाही पटत. 'कुशीतली ऊब', 'आईच्या पदराची ऊब' हे आपलंच आहे, कुठून उसनं आणलेलं नाही.

जुन्या_वाड्यातला
आपलंच आहे, मान्य. 'बहुतेक' म्हटलं ते म्हणूनच. पण बघा, तिथे ऊब एकटी येत नाही. कुशीची, पदराची, गोधडीची अशी कुणाची तरी असते. पाटीवर ती एकटी उभी राहणार आहे.

पाव_किलो
घरटं घ्या ना. घरट्यातून, घरट्यात, घरट्याचा. सगळे प्रत्यय लागतात!

सटाण्याची_सून
लागतात, पण 'घरट्यातला केक' म्हटलं की मला काड्या आणि पिसं दिसतात. :D

तांबट_आळी
घरासाठी दुसरा शब्द शोधण्यापेक्षा घराचा एखादा भाग घ्या, असं जुन्या_वाड्यातला यांच्या उदाहरणांवरून वाटलं. सदन, निलय, निवास, कुटीर हे सगळे घराचे समानार्थी शब्द खरे, पण सोसायट्यांच्या फाटकावर वाचून वाचून गुळगुळीत झालेत. 'पर्णकुटी' म्हणाल तर पंचवटीत कोपऱ्याकोपऱ्याला आहे. ओसरी, पडवी, माजघर, परस, देवळी, कोनाडा, उंबरा, अंगण यांना मात्र अजून वास आहे, स्पर्श आहे. आमच्या वाड्यात माजघरातल्या कोनाड्यात रॉकेलची चिमणी असायची आणि वरची भिंत काळी पडलेली. 'कोनाडा' ऐकलं की मला तो काळा डाग दिसतो. 'सदन' ऐकून काहीच दिसत नाही.

मनपा_वारीकर
एवढा काथ्याकूट कशाला? आवडेल ते नाव घ्या, शॉप अ‍ॅक्टला टाका, पावती आली की नाव तुमचं. आणि पाटी फक्त मराठीतच लागते, इंग्रजी अक्षर दिसलं की दंड. त्यामुळे गुजरात्यांना वाचता येईल की नाही ही चिंता सोडा.

चिन्ह_नोंदणी
माझं कामच ट्रेडमार्कचं आहे, म्हणून दोन्ही मुद्द्यांवर लिहितो.

दुकाने व आस्थापना कायद्याची नोंद म्हणजे तुम्ही व्यवसाय सुरू केल्याची सरकारला दिलेली सूचना. त्याने नावावर हक्क मिळत नाही. त्याच नावाचं दुसरं दुकान शेजारच्या तालुक्यात त्याच आठवड्यात उघडू शकतं. हक्क हवा तर 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली अर्ज करावा लागतो आणि तो वर्गवार असतो. ब्रेड, बिस्किटं, केक वर्ग 30 मध्ये येतात, पाहुण्यांना राहायला देणं आणि खाऊपिऊ घालणं वर्ग 43 मध्ये. ताईंना एकच नाव दोन्हीकडे हवंय, म्हणजे दोन्ही वर्ग. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला 4,500 रुपये, म्हणजे दोन्हीची 9,000. नोंदणी मिळाली की दहा वर्षं, पुढे नूतनीकरण. सुरुवातीला पैसे कमी असतील तर आधी वर्ग 30 करा, कारण पुडा गावाबाहेर जातो, खोली जात नाही.

अर्जाआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर दोन्ही वर्गांत शोध घ्या, आणि उच्चाराच्या साम्याचा पर्याय निवडून घ्या. तिथे कानाला सारखं लागतं का ते बघतात, त्यामुळे लिपी किंवा एखादी वेलांटी बदलून सुटका होत नाही. 'घरगुती', 'घरचा पाव', 'ताजं' असले शब्द एकट्याने मिळत नाहीत, कारण ते मालाचं वर्णन आहे आणि ते वापरायचा हक्क सगळ्या बेकरीवाल्यांना आहे. 'ओसरी' बिस्किटाचं वर्णन करत नाही, म्हणून ते त्या मानाने मजबूत.

पाटीबद्दल: दुकाने व आस्थापना कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर मराठी देवनागरीत नाव सक्तीचं आहे आणि मराठी अक्षरं दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान नकोत. दुसरी लिपी शेजारी ठेवायला मनाई नाही.

मनपा_वारीकर
बरं, पाटीचं मान्य. पण आमच्या गल्लीत तरी शॉप अ‍ॅक्टवरच सगळ्यांचं चाललंय.

चिन्ह_नोंदणी
चालतं, दुसरा कुणी हरकत घेईपर्यंत.

गड_भटक्या
ताई, तुमच्या घरावरून रामशेज दिसत असेल ना? 'रामशेज' ठेवा की! औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं दाद न देणारा किल्ला. शेज म्हणजे अंथरूण, मुक्कामालाही अर्थ लागतो.

चिन्ह_नोंदणी
नाव देखणं आहे, पण एक अट लक्षात ठेवा. त्याच 2022 च्या दुरुस्तीने जिथे मद्य विकलं किंवा दिलं जातं अशा आस्थापनांना किल्ल्यांची आणि थोर व्यक्तींची नावं द्यायला बंदी आहे. आजूबाजूला वायनरी आहेत. उद्या परवाना काढून पाहुण्यांना वाईन द्यावीशी वाटली तर नाव बदलावं लागेल.

भट्टीवाले_काका
मी जन्मभर भट्टीवर काढला आहे, म्हणून बेकरीच्या बाजूने लिहितो. इथे घराचा विचार झाला, आचेचा झालाच नाही.

लाकडाच्या भट्टीत आधी आत लाकूड जाळतात, विटा तापल्या की निखारे ओढून काढतात आणि ओल्या फडक्याने तळ पुसतात. पहिल्या कडक आचेवर पाव जातो. तेव्हा मूठभर पीठ तळावर टाकून बघायचं, लगेच काळं पडलं तर थांबायचं, हळूहळू बदामी झालं तर पाव आत. पाव निघाला की भट्टी उतरायला लागते. मग नानकटाई, तिला मंद आच लागते, नाहीतर वरून रंग येतो आणि आत कच्ची राहते. बिस्किटं त्याच्यानंतर. आणि सगळ्यात शेवटी, रात्री झाकण लावून, टोस्टचे काप. सकाळपर्यंत उरलेल्या धगीवर ते खडखडीत वाळतात. एकदा जाळलेलं लाकूड असं दुसऱ्या दिवसापर्यंत पुरतं.

ताई, तुमचा माल मुख्यतः नानकटाई आणि बिस्किटं. म्हणजे तुमची ऊब ही मागची, उतरलेली ऊब. घरच्या चुलीत तिला जागा असते, वैल. मुख्य चुलीशेजारचं लहान तोंड. खाली जाळ घालत नाहीत, चुलीतून येणाऱ्या आचेवर दुधाचं पातेलं, भाजी, वरण गरम राहतं. उशिरा घरी येणाऱ्याचं जेवण वैलावर असायचं. 'वैल' म्हणा. घरही आलं, ऊबही आली, वाट बघणंही आलं.

सटाण्याची_सून
काका, अंगावर काटा आला. पण आमच्याकडे वैल नाही म्हणत, औल म्हणतात.

भट्टीवाले_काका
औल, अवेल, वैल, सगळं एकच. दर दहा कोसांवर वेगळं.

पाव_किलो
आमच्या शहरातल्या घरात गॅसच्या तीन शेगड्या. वैल म्हणजे मधली का?

भट्टीवाले_काका
नाही बाळा. मधलीलाही स्वतःचा जाळ असतो. वैलाला स्वतःचा नसतो.

त्र्यंबकरोड_मुक्काम
शब्द अप्रतिम. अडचण सांगतो ती धंद्याची. लोक शोधणार मोबाइलवर, टंकणार रोमनमध्ये. Vail टाकलं की अमेरिकेतलं बर्फावर घसरायचं प्रसिद्ध गाव पुढे येतं. त्या गर्दीत गिरणाऱ्याची बेकरी दिसायची नाही. शिवाय मुंबईचा पाहुणा ते 'वेल' वाचेल.

'चूल'चं त्याहून वाईट. Chul वाचून हिंदीवाल्यांना खाज सुटल्याचा शब्द आठवतो. मराठी माणूस 'चूळ'ही वाचू शकतो. आणि जो बरोबर वाचेल तो चुलीवरचं मटण मागेल.

गिरणारेकरीण
मटण मागतीलच, रस्त्याला सगळीकडे त्याच पाट्या आहेत. आणि माझा ओव्हन विजेचा आहे. 'चूल' लिहून लोकांना फसवल्यासारखं होईल.

काका, 'वैल' वाचून सासूबाई कितीतरी वेळ बोलत होत्या. सासरे मार्केटहून रात्री यायचे तेव्हा भाकरी दुरडीत आणि पिठलं वैलावर. त्या शब्दाचं काहीतरी करायचंच, पाटीवर नाही तरी.

आम्ही सगळ्या शब्दांना प्रत्यय लावून मोठ्याने म्हणून बघितले. ऊब, जिव्हाळा, माया गळाले ('मायेतून बिस्किटं आणली' म्हटल्यावर मुलगी हसत सुटली). उरले माजघर आणि ओसरी.

तांबट_आळी
माजघर! ओसरीवर परका माणूस बसतो. वाटसरू, व्यापारी, पोस्टमन. त्याला पाणी दिलं जातं, रात्र झाली तर अंथरूणही, पण तो आत येत नाही. माजघरात फक्त घरचे. तुम्हाला जिव्हाळा दाखवायचा असेल तर पाहुण्याला आत घ्या.

जुन्या_वाड्यातला
मी उलट म्हणेन. अनोळखी माणसाला न विचारता बसायला आणि झोपायला जागा देणारी घरातली एकमेव जागा ओसरी. मुक्कामाच्या व्यवसायात तुम्ही नेमकं तेच करताय. माजघर म्हटलं आणि पाहुणा खरंच माजघरात येऊन बसला तर घरच्या बायकांची पंचाईत.

त्र्यंबकरोड_मुक्काम
पाहुणे येतात आत. अनुभव आहे. फ्रीज उघडतात.

तांबट_आळी
पण बिस्किटं ओसरीवर होत नाहीत हो, आतच होतात.

जुन्या_वाड्यातला
होतात आत, पण आल्यागेल्याला दिली जातात ओसरीवरच.

गोदाकाठी
ओसरी म्हटलं की मला 'पूर ओसरला' आठवतं. रामकुंडावर पाणी चढलं की आम्ही सगळे त्याच शब्दाची वाट बघतो. चांगला शब्द आहे.

गिरणारेकरीण
घरात ओसरीकडे कल आहे. रोमनमध्येही सरळ वाचता येतं, ळ नाही, जोडाक्षर नाही. काकांचा वैल मी नानकटाईला देणार, पुड्यावर वर 'ओसरी' आणि खाली 'वैलावरची नानकटाई'.

भट्टीवाले_काका
ताई, मला आनंद झाला, पण 'वैलावरची' नको. तुम्हीच म्हणालात ओव्हन विजेचा आहे. नुसतं 'वैल नानकटाई' म्हणा. आणि ब्रेड निघाल्यावर उतरत्या ओव्हनमध्येच ती भाजा, म्हणजे नाव खोटं पडणार नाही.

चिन्ह_नोंदणी
मग शोध घेताना 'ओसरी' दोन्ही वर्गांत बघा आणि 'वैल' फक्त 30 मध्ये. पुडे छापण्याआधी बघा, नंतर नाही.

गिरणारेकरीण
हो, उद्या बसते. आज एक वेगळंच झालं. ओळखीच्या रिक्षावाल्या दादांना फोन करून सांगितलं, 'एक पाहुणे आलेत, त्यांना ओसरीला सोडा.' ते म्हणाले, 'ओझरला? विमानतळावर का?' पुन्हा सांगितलं, पुन्हा ओझरच ऐकू आलं. ओझर आमच्यापासून पार दुसऱ्या दिशेला! आता काय करू?

पाव_किलो
:D :D पाहुणे विमानाने परत.

त्र्यंबकरोड_मुक्काम
हसण्यावारी नेऊ नका, स्टेशनवरून येणाऱ्यांचं रोज होईल हे. मागे एक शब्द जोडा, म्हणजे कान सुटतो. 'ओसरी मळा' म्हणून बघा, आणि दुसऱ्या एखाद्या रिक्षावाल्यालाही फोन करा.

तांबट_आळी
माजघर म्हटलं असतं तर कुणी ओझरला नेलं नसतं.

चिन्ह_नोंदणी
जोडशब्द घेणार असाल तर अर्जही त्याच जोडशब्दाचा करा. 'मळा' एकट्याने मिळणार नाही, पण जोड म्हणून चालतो. फोन करून झाले की इथे कळवा.